निकालानंतरचा अर्धा तास

मंडळी, मस्साजोगचं प्रकरण झाल्यापासून नेकनूरच्या चहाच्या टपरीवर बसलं की एकच विषय. कोणाला किती शिक्षा व्हायला पाहिजे. त्या खटल्यावर मी काही लिहिणार नाही, ते कोर्टाचं काम आहे. पण त्या गप्पांत एक वाक्य सारखं ऐकतोय, "जजच्या मनावर असतंय सगळं." बीडच्या कोर्टात वीसेक वर्षं वकिली करतोय म्हणून सांगतो, हे अर्धं खरं आहे आणि अर्धं फार घातक आहे. घातक यासाठी की असं मानून दोन्हीकडची माणसं हात बांधून बसतात. आरोपीची आई बी आणि मयताची बायको बी.

मोठ्या खटल्यात निकाल दोन टप्प्यांत होतो. आधी न्यायाधीश "दोषी" म्हणतात. मग थांबतात आणि आरोपीला विचारतात, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का? हे विचारणं ऐच्छिक नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २३५(२) होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम २५८(२) आहे. माणसाचं वय, पश्चात्ताप, मागचा इतिहास, झालेलं नुकसान हे सगळं इथं तोलायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं? आरोपी हात जोडून म्हणतो, "साहेब, घरी म्हातारे आईबाप हायेत, लेकरं लहान हायेत, पहिलाच गुन्हा हाय, दया करा." सरकारी वकील म्हणतात, जास्तीत जास्त शिक्षा द्यावी. अर्ध्या तासात संपलं. ही दोन वाक्यं इतक्या निकालपत्रांत वाचलीत की नुसतं नाव बदललं तरी चालेल.

आता एक खरं प्रकरण सांगतो. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्ट, मे २०१३. गोष्ट ऐकली तर आपल्याच शिवारातली वाटेल. फेब्रुवारी २००६ मधली रात्र, दहाच्या सुमाराची वेळ. नवरा-बायको शेतात पिकाची राखण करत होते. रस्त्यानं तिघं चालले होते, त्यांच्यावर शेतातलं कुत्रं भुंकलं. एकाच्या हातात लोखंडी पाइप होता, त्यानं कुत्र्याला मारलं. शेतकरी म्हणाला, कुत्र्याला का मारतोस? शिवीगाळ झाली, झटापट झाली आणि तोच पाइप शेतकऱ्याच्या डोक्यात बसला. माणूस गेला.

खालच्या कोर्टानं खून धरला, कलम ३०२, जन्मठेप. हायकोर्टानं ती कायम केली. सुप्रीम कोर्टानं मात्र पाहिलं की आधीचं वैर नाही, ठरवून आलेले नाहीत, भांडण अचानक पेटलं, पाइपचा घाव एकच. त्यांनी तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरला, कलम ३०४ चा दुसरा भाग, आणि शिक्षा केली ५ वर्षं सक्तमजुरी.

आपल्याकडं हे वाचून लोक म्हणतील, जन्मठेपेची ५ वर्षं झाली म्हणजे वकील तगडा होता. तसं नाही. खुनाच्या कलमात न्यायाधीशाला दोनच शिक्षा आहेत, जन्मठेप किंवा फाशी. तिथं आरोपी १९ वर्षांचा असो की ६० चा, जन्मठेपेच्या खाली येताच येत नाही. ३०४ च्या दुसऱ्या भागात मात्र नुसत्या दंडापासून १० वर्षांपर्यंत मोकळी जागा होती. म्हणजे आधी कलम ठरतं, त्या कलमानं चौकट ठरते आणि मग त्या चौकटीच्या आत वय, पश्चात्ताप, इतिहास यांना किंमत येते. "जजच्या मनावर" जे काही आहे, ते या चौकटीच्या आत.

पण हे प्रकरण मी निवडलं ते ५ वर्षांसाठी नाही. त्या बाईसाठी निवडलं. नवरा डोळ्यांदेखत गेला, तिला काय मिळालं? फौजदारी संहितेत कलम ३५७ होतं, दोषीकडून पीडित कुटुंबाला भरपाई द्यायला लावायचं. सुप्रीम कोर्टानं या निकालात स्पष्ट सांगितलं की भरपाई द्यायची की नाही हे कोर्टाच्या विवेकावर असलं, तरी तिचा विचार प्रत्येक प्रकरणात केलाच पाहिजे आणि कारणं लिहिलीच पाहिजेत. मग कोर्टानं मागं वळून पाहिलं, तर या प्रकरणात खालच्या दोन्ही कोर्टांनी भरपाईचा शब्दसुद्धा काढलेला नव्हता. घटनेला ७ वर्षं झालेली. इतक्या उशिरा प्रकरण परत पाठवणं बरं नाही असं म्हणून कोर्टानं तो विषय तिथंच संपवला. निकालाची प्रत देशातल्या हायकोर्टांना पाठवा म्हणाले, पुढं तरी काळजी घेतली जाईल. तिच्या प्रकरणात झालेला कायदा आज देशभर वापरला जातो, आणि त्याच निकालात तिला भरपाईचा एक रुपया नाही. मला हे वाचून दरवेळी घशात काहीतरी अडकतं.

आता वयाचं बघू.

बांधावरून मारामारी झाली. पोरगं १९ वर्षांचं. काठीनं समोरच्याचा हात मोडला. हे झालं गंभीर दुखापतीचं साधं कलम, नव्या न्याय संहितेत ११७(२), ७ वर्षांपर्यंत कैद. इथं १९५८ चा एक जुना कायदा मदतीला येतो, अपराधी परिवीक्षा अधिनियम, ज्याला आपण प्रोबेशन म्हणतो. त्याचं कलम ६ म्हणतं, २१ वर्षांच्या आतला दोषी असेल आणि गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर त्याला शक्यतो तुरुंगात पाठवू नका. पाठवायचंच असेल तर प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवा आणि कारणं लिहा. पोराच्या हातात काठीऐवजी कोयता असता तर? मग कलम ११८(२), त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि किमान १ वर्ष तर आहेच. प्रोबेशनचं दार बंद. ऊसतोडीच्या गावांत कोयता घराघरांत असतो, रागाच्या क्षणी हाताला काय लागतं यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

याच्यात एक खाच आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते. हे २१ वर्षांचं वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरत नाहीत. खालचं कोर्ट दोषी ठरवतं त्या दिवशीचं धरतात. सुप्रीम कोर्टानं हे १९६३ सालीच रामजी मिस्सर प्रकरणात ठरवलंय. आता तुम्हीच हिशोब करा. भांडण झालं तेव्हा पोरगं १९ चं. तारखा पडत गेल्या, साक्षीदार ऊसतोडीला कारखान्यावर गेले, समन्स परत आलं. निकाल लागला तेव्हा गडी २४ चा. कलम ६ गेलं. कलम ४ खाली प्रोबेशन मागता येतं, पण ती कोर्टाची मर्जी, कलम ६ सारखा आग्रह त्यात नाही. "तारीख वाढवून घ्या वकीलसाहेब, बघू पुढं" म्हणणाऱ्या बापाला हे कोणी सांगत नाही. काही वेळा तारीख वाढवणं म्हणजे पोराच्या हातातलं चांगलं पान आपणच फेकून देणं असतं.

१८ च्या खालच्या पोरांचं गणित उलटं आहे. तिथं गुन्ह्याच्या दिवशीचं वय धरतात, आणि आपण अल्पवयीन होतो हे कधीही, अगदी शेवटच्या निकालानंतरसुद्धा मांडता येतं. कधीही म्हणजे किती उशिरा, तर पुण्याचं प्रकरण बघा. ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरात सात जणांची हत्या झाली, त्यात बायका आणि लहान मुलं. आरोपींपैकी एकाला नारायण या नावानं सज्ञान धरून खटला चालला, फाशी झाली, २००० साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. पुढं राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या शाळेचा दाखला पुढं आला. चौकशी झाली. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. अल्पवयीनाला कायद्यानं जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवता येतं. तो २८ वर्षं आत होता.

सात जीव गेले त्या घराला हा निकाल पटणार नाही, आणि पटावा असं मी म्हणतही नाही. मी शाळेच्या रजिस्टरबद्दल बोलतोय. वयाचा पुरावा म्हणून कायदा सगळ्यात आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला बघतो, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आता आपल्या गावातले दाखले काढून बघा. अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला. आईबाप कारखान्यावर, लेकरू आजीकडं, गुरुजींनी अंदाजानं तारीख टाकली. पहिलीत घ्यायचं म्हणून वर्ष वाढवलं, तर नंतर नोकरीसाठी कोणी कमी केलं. त्या एका ओळीवर पुढं कोणाचं तरी आयुष्य टांगलं जाऊ शकतं हे तेव्हा कोणाच्या मनात असणार?

पश्चात्तापाचं प्रकरण अजून अवघड आहे. जो माणूस "मी केलंच नाही" म्हणून खटला लढला, तो दोषी ठरल्यावर दहा मिनिटांत पश्चात्ताप कसा दाखवणार? खटला लढला म्हणून कोर्ट त्याला जादा शिक्षा देत नाही, तो त्याचा हक्क आहे. पण नुसत्या डोळ्यांतल्या पाण्यालाही कोर्ट फार वजन देत नाही. रडणं सगळ्यांनाच येतं. वजन येतं ते केलेल्या गोष्टींना. मारल्यावर पळून गेला की जखमीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं? उपचाराचे पैसे भरले का? साक्षीदारांना दम दिला का? जेलमध्ये कसा राहिला?

शेवटच्या मुद्द्यावर ज्ञानेश्वर बोरकर प्रकरण बघण्यासारखं आहे, सुप्रीम कोर्ट, फेब्रुवारी २०१९. लहान मुलाचं अपहरण आणि खून, फाशी झालेली, हायकोर्टात कायम झालेली. सुप्रीम कोर्टानं गुन्हा सिद्ध झाल्याचं मान्य केलं, पण फाशीची जन्मठेप केली. कारणं काय दिली? गुन्ह्याच्या वेळी वय २२. जवळपास १८ वर्षं आत. जेलमधली वागणूक चांगली. आतूनच बीए पूर्ण केलं. आणि त्यानं जेलमध्ये लिहिलेल्या कविता, ज्यातून आपली चूक त्याला उमगल्याचं दिसतं असं न्यायाधीशांनी म्हटलं. कविता वाचून फाशी रद्द केली अशा बातम्या तेव्हा आल्या आणि लोकांनी टिंगल केली. ती टिंगल मला चुकीची वाटते. कविता हा त्या यादीतला एक कागद होता. पण दुसरा प्रश्न मला छळतो. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यानं पश्चात्ताप कुठल्या कागदावर दाखवायचा? आपल्या भागातला मजूर कैदी कविता लिहिणार नाही. त्याच्यासाठी जेल अधीक्षकाचा वागणुकीचा अहवाल, त्यानं आत केलेल्या कामाची नोंद हेच कागद. ते मागवायचा अर्ज वकिलानं करायला हवा, आणि हा अर्ज मी फार कमी फायलींत पाहिलाय.

आणि तरुण वय म्हणजे हमखास सवलत असंही नाही. पुण्यात २००७ साली कंपनीच्या गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं रात्रपाळीला निघालेल्या कर्मचारी तरुणीवर बलात्कार करून खून केला. वय कमी, आधीचा गुन्हा नाही, घरची जबाबदारी, हे सगळं मांडलं गेलं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यातलं काहीच पुरेसं मानलं नाही आणि फाशी कायम केली. जिच्या सुरक्षित प्रवासाची जबाबदारी त्याच्यावर होती तिचाच विश्वासघात केला, हे वजनात भारी ठरलं. पुढं ती फाशीही ३५ वर्षांच्या कैदेत बदलली, पण ती दयेचा अर्ज फेटाळल्यानंतर अंमलबजावणीला झालेल्या उशिरामुळं. वयामुळं नाही.

मागच्या इतिहासाबद्दल टपरीवर सगळ्यात जास्त गोंधळ असतो. "त्याच्यावर सात केसेस हायेत!" असतील. पण केस दाखल असणं आणि शिक्षा झालेली असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमरावती जिल्ह्यातल्या एका चिमुरडीच्या खुनाच्या प्रकरणात, राजेंद्र वासनिक प्रकरण, आरोपीवर तसेच आणखी खटले चालू होते आणि शिक्षा ठरवताना ते विचारात घेतले गेले. डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं फेरविचारात सांगितलं, नुसते प्रलंबित खटले शिक्षा वाढवायला वापरता येत नाहीत. फाशीची जन्मठेप झाली, मात्र आयुष्यभर बाहेर सोडायचं नाही या अटीवर. पोलिसांनी जोडलेली गुन्ह्यांची यादी म्हणून नीट वाचा. किती निकाली, किती सुटला, किती चालू. तिथं आरोपीचा वकील गप्प बसला तर यादी बोलत राहते.

उलट बाजूनं, पहिलाच गुन्हा असण्याला नव्या कायद्यानं एका ठिकाणी ठोस किंमत दिलीय. ५ हजारांच्या आतली चोरी, आधी कधी शिक्षा नाही, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर कैद नाही, समाजसेवेची शिक्षा. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना हे लागू. त्याच चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान १ वर्ष सक्तमजुरी. कल्पना चांगली आहे, फक्त ५ हजारांत आज आपल्या बाजारात शेळी तरी येते का, ते विचारून बघा.

राहिलं नुकसान. शिक्षेच्या सुनावणीत आरोपीला बोलावं लागतंच, पण जिचा नवरा गेला किंवा ज्याचा हात गेला त्याला कोणी विचारत नाही, तो कोर्टाच्या मागच्या बाकावर बसलेला असतो. निकालपत्रात त्याचा हात "उजव्या हाताचं फ्रॅक्चर" एवढाच येतो. त्या हातानं तो पुन्हा ऊस तोडू शकला का, उचल कशी फेडली, बैल विकावा लागला का, हे कुठंच येत नाही, कारण कोणी कागद दिला नाही. म्हणून जखमीकडच्यांना मी सांगतो, दवाखान्याची बिलं, औषधाच्या पावत्या, मुकादमाकडच्या उचलीचा हिशोब, आणि कायमचं अपंगत्व आलं असेल तर जिल्हा रुग्णालयाचा दाखला, हे एका पिशवीत ठेवा. साक्षीच्या वेळीच सरकारी वकिलांच्या हातात द्या. तुमचा स्वतःचा वकीलही कोर्टाच्या परवानगीनं लेखी म्हणणं देऊ शकतो. त्यात भरपाईची मागणी आकड्यासह लिहा, नव्या संहितेचं कलम ३९५. दोषीकडून काही निघण्यासारखं नसेल तर कलम ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून भरपाई मिळू शकते.

हे सगळं निकालाआधीच करायचं, त्याला कारण आहे. आरोपी सुटला किंवा कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, तर पीडिताला अपील करता येतं. भरपाई कमी मिळाली तरी करता येतं. पण शिक्षा कमी झाली म्हणून पीडिताला अपील करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये परविंदर कन्सल प्रकरणात हे स्पष्ट केलंय. तो अधिकार फक्त सरकारचा, नव्या संहितेचं कलम ४१८. म्हणून शिक्षा फारच कमी वाटत असेल तर "वर जाऊ" म्हणत गावात फिरण्यापेक्षा त्याच आठवड्यात निकालाची नक्कल काढा, सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्या की राज्यानं शिक्षा वाढवण्यासाठी अपील करावं, आणि त्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.